ओपन फीडवॉटर हीटर: ब्लीडचा अंश ०.१७ की ०.२१, आणि काम घटूनही एफिशिएन्सी का वाढते

प्रश्न: सर, मी चेंबूरला राहतो, एका कारखान्यात बॉयलरवर शिफ्टला आहे आणि बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर म्हणजे बीओईच्या परीक्षेची तयारी करतोय. गणित असं आहे: ६० बार, ५०० अंशांची वाफ टर्बाइनमध्ये जाते, ५ बारला ब्लीड काढून ओपन फीडवॉटर हीटरला देतात, कंडेन्सर ०.१ बारला. टर्बाइन आणि पंप आदर्श धरायचे. माझा ब्लीडचा अंश ०.२१ येतो, मित्राचा ०.१७३. वर माझी एफिशिएन्सी टर्बाइनच्या कामावरून ४० टक्के येते आणि कंडेन्सरच्या उष्णतेवरून ४३.४. चूक कुठे आहे? आणि मुळात वाफ अर्ध्या वाटेतच काढून घेतली तर काम कमी होणार, मग एफिशिएन्सी वाढते कशी?

उत्तर:

तुमचा ०.२१ आणि मित्राचा ०.१७३ हे दोन्ही आकडे एकाच हीटरचे आहेत आणि आपापल्या जागी बरोबरही आहेत. फरक इतकाच की मित्राने बॉयलरमधून निघालेल्या एक किलो वाफेमागे ब्लीड मोजलाय आणि तुम्ही कंडेन्सरमधून आलेल्या एक किलो पाण्यामागे. चर्चगेटला चढलेल्यांपैकी किती टक्के दादरला उतरले हे चढलेल्यांवर काढायचं की दादरच्या पुढे गेलेल्यांवर, असा हा मामला आहे. उतरणारे तेवढेच, टक्केवारी वेगळी. घोटाळा होतो तो पुढे. तुम्ही ०.२१ घेतला आणि उरलेली वाफ १ − ०.२१ = ०.७९ धरली. ही वजाबाकी फक्त मित्राच्या आकड्यावर चालते.

आधी बिंदू ठरवून घेऊ. कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी १, पहिल्या पंपानंतर २, हीटरमधून निघणारं पाणी ३, दुसऱ्या पंपानंतर ४, टर्बाइनच्या तोंडाशी वाफ ५, ब्लीड ६, टर्बाइनच्या शेवटी ७. सगळ्या एन्थाल्पी किलोज्यूल प्रति किलोमध्ये.

कंडेन्सर ०.१ बारला म्हणजे ४५.८ अंश. h₁ = १९१.८. पहिला पंप हे पाणी ५ बारला नेतो. त्याचं काम ०.००१०१ × (५ − ०.१) × १००, म्हणजे जेमतेम ०.५. तो १०० विसरू नका. बार ते किलोपास्कल हे रूपांतर राहून गेल्यामुळे पंपाचं काम शंभरपट चुकलेल्या उत्तरपत्रिका दरवर्षी दिसतात, आणि आकडा मुळातच लहान असल्यामुळे कोणाच्या डोळ्यात खुपत नाही. h₂ = १९२.३.

हीटरमधून निघणारं पाणी ५ बारला संपृक्त आहे असं धरतो: १५१.८ अंश, h₃ = ६४०.१. दुसरा पंप ते ६० बारला नेतो. ०.००१०९३ × ५५ × १०० = ६.०, म्हणून h₄ = ६४६.१. टर्बाइनच्या तोंडाशी h₅ = ३४२३.१ आणि एन्ट्रॉपी ६.८८२६.

आता ब्लीडचा बिंदू. इथे बरेच जण डोळे झाकून ५ बारची h_g, म्हणजे २७४८.१, उचलतात. आधी एन्ट्रॉपी पाहायची. ५ बारला s_g आहे ६.८२०७ आणि आपली ६.८८२६ त्याहून जास्त, म्हणजे ब्लीडची वाफ अजून थोडी सुपरहीटेड आहे. ५ बारच्या तक्त्यात संपृक्त आणि २०० अंश यांच्यामध्ये सरळ इंटरपोलेशन केलं तर h₆ = २७७५.८ येते, तापमान १६४ अंशांच्या आसपास. बारीक पायऱ्यांचा तक्ता असेल तर एन्थाल्पी साधारण एका किलोज्यूलने कमी मिळेल, उत्तरावर त्याचा परिणाम नाही. गणितात ब्लीड ४ बारला असता तर मात्र s_g ६.८९५५ आहे, म्हणजे तीच वाफ तिथे किंचित ओली निघाली असती आणि कोरडेपणाचा अंश काढावा लागला असता. एका बारचा फरक, पण पद्धत बदलते. म्हणून हा तपास दरवेळी करायचाच.

शेवटचा बिंदू ओला आहे यात शंका नाही. कोरडेपणा (६.८८२६ − ०.६४९२) ÷ ७.४९९६ = ०.८३१, त्यावरून h₇ = २१८०.०.

आता हीटर. ही नुसती एक टाकी आहे. आत दोन प्रवाह येतात, बाहेर एक जातो, काम कोणी करत नाही आणि उष्णता बाहेर जात नाही असं धरलंय. बाहेर जाणारं पाणी सगळं बॉयलरला जातं, म्हणून ते एक किलो. त्यातलं y किलो ब्लीडमधून आलं, उरलेलं १ − y कंडेन्सरमधून:

y·h₆ + (1 − y)·h₂ = h₃

y = (h₃ − h₂) ÷ (h₆ − h₂) = ४४७.८ ÷ २५८३.५ = ०.१७३

तुम्ही बहुधा असा विचार केला असणार: कंडेन्सेटचं एक किलो पाणी १९२.३ वरून ६४०.१ वर न्यायचंय, ब्लीडची वाफ २७७५.८ वरून ६४०.१ पर्यंत उतरताना तेवढी उष्णता देईल. म्हणजे ४४७.८ ÷ २१३५.७ = ०.२१. विचार चोख आहे. पण इथे कंडेन्सेट एक किलो असल्यामुळे हीटरमधून बाहेर १.२१ किलो पाणी निघतं, आणि बॉयलरमध्येही १.२१ किलोच जातं. ताळा करून पाहा: ०.१७३ ÷ ०.८२७ = ०.२१. याच आधारावर पुढे जायचं असेल तर जरूर जा, पण मग टर्बाइनच्या तोंडाशी १.२१ किलो, ब्लीडनंतर १ किलो आणि बॉयलरची उष्णताही १.२१ किलोची, हे शेवटपर्यंत पाळावं लागेल. परीक्षेत बॉयलरचं एक किलो धरणं सोयीचं, कारण बहुतेक परीक्षक तेच धरून तपासतात. पहिल्याच ओळीत ‘बॉयलरमधील १ किलो वाफेमागे’ असं लिहून ठेवा, निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

आता एफिशिएन्सी. बॉयलरमध्ये एक किलोला दिलेली उष्णता h₅ − h₄ = २७७७.०. कंडेन्सरमध्ये फक्त ०.८२७ किलो पोचते, त्यामुळे तिथे टाकलेली उष्णता ०.८२६७ × (२१८०.० − १९१.८) = १६४३.६. यावरून:

η = 1 − q_out ÷ q_in = १ − १६४३.६ ÷ २७७७.० = ४०.८ टक्के

दुसऱ्या वाटेने जाऊ. टर्बाइनच्या पहिल्या भागातून पूर्ण एक किलो जाते, तिथलं काम ३४२३.१ − २७७५.८ = ६४७.३. दुसऱ्या भागातून ०.८२७ किलो, तिथलं काम ०.८२६७ × (२७७५.८ − २१८०.०) = ४९२.५. बेरीज ११३९.८. पंपांचं काम वजा करायचं: पहिल्या पंपातून ०.८२७ किलो जाते म्हणून ०.४, दुसऱ्यातून पूर्ण किलो म्हणून ६.०. निव्वळ काम ११३३.४, आणि ११३३.४ ÷ २७७७.० = ४०.८ टक्के.

दोन्ही वाटा एकाच आकड्यावर आल्या. हा माझ्या दृष्टीने या गणितातला सगळ्यात उपयोगी ताळा आहे. टर्बाइनच्या कामाची वाट वस्तुमानाचं वाटप एका जागी वापरते, कंडेन्सरची वाट दुसऱ्या जागी. हीटरचा हिशेब चुकला असेल तर दोन्हींची तोंडं दोन दिशांना होतात. तुमच्या ०.२१ ने एकीकडे ४० आणि दुसरीकडे ४३.४ आले ते याचमुळे. त्या फरकानेच सांगितलं की चूक y मध्ये किंवा त्याच्या वापरात आहे. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे टर्बाइनच्या दुसऱ्या भागाला १ − y ने गुणायचं राहून जाणं. तसं केलं तर एफिशिएन्सी ४४.५ टक्के निघते, आणि आकडा दिसायला छान असल्यामुळे विद्यार्थी खूश होतो. कंडेन्सरच्या वाटेने तपासलं की लगेच पितळ उघडं पडतं. पहिल्या पंपात १ − y विसरलात तर मात्र हा ताळा तुम्हाला वाचवणार नाही. फरक ०.१ किलोज्यूलच्याही आत आहे, कुठे दिसणारच नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला.

ब्लीड न काढता हेच चक्र साधं चालवलं तर काय होतं ते आधी पाहू. बॉयलरमध्ये पाणी १९७.९ एन्थाल्पीने शिरतं, उष्णता द्यावी लागते ३२२५.२, निव्वळ काम १२३७.०, एफिशिएन्सी ३८.४ टक्के. तुमची शंका रास्तच आहे: ब्लीडमुळे एका किलोमागचं काम १२३७ वरून ११३३ वर आलं, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांहून जास्त घटलं. पण बॉयलरला द्यायची उष्णता जवळपास चौदा टक्क्यांनी घटली. अंश कमी झाला, छेद त्याहून जास्त कमी झाला. हे उत्तर परीक्षेत चालतं, पण त्याने समाधान होत नाही. छेदच का जास्त घटला?

त्यासाठी एक किलो वाफेचे मनातल्या मनात दोन भाग करा. ०.८२७ किलो वाफ शेवटपर्यंत जाते, कंडेन्सरमध्ये पाणी होते, परत येते. ती साध्या चक्रासारखीच वागते असं समजा. साध्या चक्राचे आकडे ०.८२६७ ने गुणले तर तिच्या वाट्याला उष्णता येते २६६६.२ आणि काम १०२२.६. आता एकूण आकड्यांतून हे वजा करा. उष्णता उरते २७७७.० − २६६६.२ = ११०.८. काम उरतं ११३३.४ − १०२२.६ = ११०.८.

दोन्ही आकडे सारखेच आहेत. ब्लीड केलेल्या ०.१७३ किलो वाफेपायी बॉयलरला जी जादा उष्णता द्यावी लागली, ती सगळीच्या सगळी काम होऊन बाहेर आली. हा योगायोग नाही. ही वाफ ६० बारपासून ५ बारपर्यंत काम करते आणि मग उरलेली उष्णता कंडेन्सरच्या पाण्याला न देता फीडवॉटरला देते. ती कंडेन्सरपर्यंत जातच नाही, त्यामुळे तिच्या नावावर बाहेर टाकलेली उष्णता शून्य. जे घेतलं त्यातून काम वजा जाता राहिलेलं सगळं घरातच राहिलं.

म्हणजे आपल्या चक्रात आता दोन मजूर आहेत असं धरा. मोठा ३८.४ टक्क्यांनी काम करतो, छोटा हिशेबाने शंभर टक्क्यांनी. दोघांची एकत्र सरासरी ४०.८ वर जाते. ब्लीडची वाफ पुढे ५९५.८ किलोज्यूल प्रति किलोचं काम करू शकली असती हे खरं, पण त्यासाठी तिला १९८८ किलोज्यूल समुद्रात सोडावे लागले असते. ते नको म्हणून आपण तिचं अर्धं काम सोडून देतो.

प्लांटच्या भाषेत सांगायचं तर १०० टन प्रति तास वाफेचं साधं युनिट ३४.४ मेगावॉट देतं आणि बॉयलरला ८९.६ मेगावॉट उष्णता लागते. ब्लीड ठेवून तेच ३४.४ मेगावॉट हवे असतील तर वाफ १०९ टन लागेल, पण उष्णता ८४.२ मेगावॉटच. इंधनात सहा टक्के बचत. गंमत पाहा, एका युनिट विजेमागे लागणारी वाफ २.९ किलोवरून ३.२ किलोवर गेली आणि तरी इंधन कमी झालं. म्हणून नुसत्या ‘स्पेसिफिक स्टीम कन्झम्प्शन’वरून दोन टर्बाइनची तुलना करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, हीट रेट, म्हणजे एका युनिट विजेमागे लागणारी उष्णता, विचारा. आणि १०९ टन आत जात असली तरी कंडेन्सरपर्यंत ९० टनच पोचते, त्यामुळे शेवटच्या ब्लेड्स आणि कंडेन्सर उलट लहान चालतात. मोठ्या टर्बाइनच्या डिझाइनरला हा फायदा एफिशिएन्सीइतकाच प्यारा असतो.

मग ब्लीड ५ बारलाच का? दाब बदलून पाहिलं तर कळतं. १ बारला ब्लीड काढलं तर एफिशिएन्सी ४०.२, ५ बारला ४०.८, २० बारला ४०.३. मधे सपाट टेकडी आहे. खूप खालच्या दाबाला ब्लीड काढलं तर पाणी फारसं तापतच नाही, खूप वरच्या दाबाला काढलं तर ब्लीडच्या वाफेने काम करण्याआधीच तिला बाहेर ओढलेलं असतं. एकाच हीटरसाठी अंदाजाचा नियम असा की त्याचं तापमान कंडेन्सर आणि बॉयलर यांच्या संपृक्त तापमानांच्या मधोमध असावं. इथे ४५.८ आणि २७५.६ यांचा मध्य १६० अंशांच्या आसपास, म्हणजे सहा बारच्या थोडा वर. आपला ५ बार त्याच्या शेजारीच आहे. टेकडी सपाट असल्यामुळे प्रत्यक्षात दाब कुठला मिळेल हे टर्बाइनच्या कुठल्या स्टेजनंतर पाइप काढायला जागा आहे त्यावर ठरतं, एफिशिएन्सीच्या दुसऱ्या दशांशावर नाही.

हीटरमध्ये नासाडीही होते, ती नजरेआड करू नका. १६४ अंशांची वाफ ४६ अंशांच्या पाण्यात सरळ मिसळते, आणि असं मिसळणं फुकट नसतं. एन्ट्रॉपीचा हिशेब मांडला तर एक किलोमागे ०.१३१ एकक एन्ट्रॉपी तयार होते. कंडेन्सरच्या ३१९ केल्विनने गुणलं तर ४१.७ किलोज्यूल काम बुडालं. हे मिसळणं फुकटात झालं असतं तर एफिशिएन्सी ४२.३ टक्के असती. म्हणजे चार टक्क्यांच्या जवळपास फायदा शक्य होता, त्यातला दीड टक्का हीटरच्या टाकीतच गेला. म्हणूनच मोठ्या केंद्रांत एक हीटर ठेवत नाहीत. पाणी टप्प्याटप्प्याने तापवतात, म्हणजे प्रत्येक ठिकाणी मिसळणाऱ्यांच्या तापमानातलं अंतर कमी राहतं. टप्पे वाढत जातात तसा प्रत्येक पुढच्या हीटरचा वाटा घटत जातो, आणि एका जागी पाइप, व्हॉल्व्ह, पंप यांचा खर्च त्याला गिळतो.

टर्बाइन आदर्श नसेल तर? ८५ टक्के आयसेन्ट्रॉपिक एफिशिएन्सी धरली तर ब्लीडची वाफ २८७२.९ वर निघते, जास्त गरम, त्यामुळे ती कमी लागते: y = ०.१६७. एफिशिएन्सी ३४.८ टक्के, आणि त्याच टर्बाइनचं साधं चक्र ३२.६. फायदा थोडा आक्रसला, नाहीसा झाला नाही. परीक्षेत आयसेन्ट्रॉपिक एफिशिएन्सी दिली असेल तर y काढण्याआधी h₆ दुरुस्त करा. आदर्श h₆ ने y काढून मग काम दुरुस्त करणारे फार असतात.

आता कारखान्यातल्या हीटरबद्दल, कारण तुम्ही रोज त्याच्या शेजारून जात असाल. बहुतेक ठिकाणी ओपन फीडवॉटर हीटर म्हणजे डीएरेटर, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन काढून टाकणारी टाकी. गणितातला पहिला पंप म्हणजे कंडेन्सेट पंप, दुसरा म्हणजे बॉयलर फीड पंप. डीएरेटर उंचावर का बसवलेला असतो याचं उत्तर याच गणितात आहे: h₃ संपृक्त पाण्याची आहे, जरा दाब उतरला की ते उकळणार. फीड पंपाच्या सक्शनला डोक्यावर पाण्याचा स्तंभ नसेल तर पंपातच वाफ होते, पंप खडखडतो आणि इम्पेलर खातो. मोठ्या केंद्रांत वीसेक मीटर उंची त्यासाठीच देतात.

तिथे y मोजायचा कसा? ब्लीडच्या लाइनवर फ्लो मीटर अनेकदा नसतोच. आपण वर केलेला हिशेबच उलटा वापरतो: फीडवॉटरचा फ्लो, कंडेन्सेटचं तापमान, डीएरेटरचं तापमान आणि ब्लीडचा दाब व तापमान घेतलं की y निघतो. तीन गोष्टी जपायच्या. पहिली, गेज ४ दाखवतो तेव्हा निरपेक्ष दाब ५ असतो. गेजवरचा ५ सरळ तक्त्यात घातला तर तुम्ही खरं म्हणजे सहा बारच्या, १५८.८ अंशांच्या पाण्याला १५१.८ अंशांचं समजता. दुसरी, टर्बाइनवरचा ब्लीडचा दाब आणि डीएरेटरमधला दाब एक नसतो, पाइपमध्ये थोडा पडतो. h₆ टर्बाइनच्या बाजूची घ्यायची, कारण थ्रॉटल होताना एन्थाल्पी तीच राहते, पण h₃ डीएरेटरच्या दाबाची. तिसरी, मेकअप, म्हणजे गळती भरून काढायला बाहेरून घातलेलं पाणी. फीडवॉटरच्या दहा टक्के मेकअप पाणी ३० अंशांना येत असेल तर समीकरणात तिसरा प्रवाह येतो आणि y ०.१७३ वरून ०.१७६ होतो. मेकअप जास्त असेल तर तो सोडून चालत नाही. वरच्या दाबाच्या हीटरचे ड्रेन्स डीएरेटरला येत असतील तर त्यांनाही समीकरणात जागा द्या. त्यांनी y खाली येतो.

‘हीटरमधून निघणारं पाणी संपृक्त’ हे गणितातलं गृहीतक प्रत्यक्षात खरं आहे का, हे तपासता येतं. डीएरेटर ४ बार गेजला आणि खालच्या टाकीत पाणी १४६ अंश दाखवत असेल तर सहा अंश कुठेतरी अडकलेत. आधी थर्मामीटर आणि गेज पडताळा. ते बरोबर असतील तर स्प्रे नोझल तुंबले असतील, ट्रे सरकले असतील किंवा वाफ पुरेशी पोचत नसेल. तेव्हा विरघळलेला ऑक्सिजनही वाढलेला दिसेल. चांगल्या डीएरेटरकडून ७ पीपीबीच्या आत अपेक्षा असते. तापमान कमी आणि ऑक्सिजन जास्त हे जोडीने आलं तर दोष डीएरेटरच्या आत आहे. तापमान ठीक आणि ऑक्सिजन जास्त असेल तर वरचा व्हेंट बंद पडलाय का ते आधी बघा, मग कंडेन्सरच्या बाजूला, व्हॅक्यूममध्ये, कुठे हवा आत खेचली जातेय का ते.

ट्रॉम्बेसारख्या, समुद्राच्या पाण्यावर कंडेन्सर चालणाऱ्या ठिकाणी पाणी थंड मिळालं की कंडेन्सरचा दाब उतरतो. आपल्या गणितात तो ०.०७ बार झाला तर कंडेन्सेट ३९ अंशांना येतं, हीटरला जास्त तापवावं लागतं आणि y ०.१८२ होतो. शिफ्टमध्ये ब्लीड वाढलेला दिसला म्हणून हीटरवर संशय घेण्याआधी व्हॅक्यूम पाहून घ्या.

एक प्रकार मात्र असा आहे की सगळे मीटर नीट दाखवतात आणि फायदा गायब असतो. लोड उतरला की ब्लीडचा दाब डीएरेटरला पुरत नाही, मग मेन लाइनवरून दाब उतरवून वाफ देतात, ज्याला पेगिंग म्हणतात. समजा आपल्या गणितात ब्लीडऐवजी ६० बारची ताजी वाफ थ्रॉटल करून हीटरला दिली. पाणी तेवढंच तापेल, १५१.८ अंश. वाफ उलट कमी लागेल: ४४७.८ ÷ (३४२३.१ − १९२.३) = ०.१३९. पण या वाफेने टर्बाइनमध्ये काही काम केलेलंच नाही. कंडेन्सरला जाणारी ०.८६१ किलो, टाकलेली उष्णता १७१२.६, बॉयलरची उष्णता तीच २७७७.०. एफिशिएन्सी ३८.३ टक्के, म्हणजे साध्या चक्राइतकीच. त्यामुळे लोड परत चढल्यावर पेगिंगचा व्हॉल्व्ह खरंच बसलाय का, त्याच्या पुढचा पाइप थंड झालाय का, हे शिफ्टमध्ये हात लावून नाही तर तापमान घेऊन बघा. तो गळत असेल तर डीएरेटरचं तापमान तुम्हाला काहीच सांगणार नाही. ब्लीडचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा कमी उघडलेला दिसेल, आणि हीट रेट वर गेलेला असेल.